अकरावं पेर

चाल आधी झालेली होती. मराठी सिनेमात आता बहुतेक वेळा असंच होतं: संगीतकार धून बांधतो, त्यावर तोंडाला येतील ते डमी शब्द बसवून गाऊन ठेवतो आणि मग गीतकाराला बोलावणं येतं. अडचण अशी, की डमी शब्द महिनाभर सगळ्यांच्या कानात घोळतात आणि हळूहळू ते खरे वाटायला लागतात. त्या दिवशी पुण्यातल्या स्टुडिओत पोचलो तेव्हा गायिका चार वाजता येणार होती, आणि संगीतकाराचं म्हणणं होतं की पहिल्या अंतऱ्याचे शब्द आहेत तसेच ठेवू, चांगले लागतायत. ते शब्द असे:

तुझ्याविना ही रात सरेना
श्वासामधुनी भास विरेना
चांदणं हसे, मन हे रडते
काळजातली आस मरेना

मात्रा चोख आहेत. आठ आणि आठ अशा सोळा मात्रांची ओळ, केरव्यात कुठेही न अडखळणारी. गायला सोपं, ‘ना’वर सूर लांबवायला मोकळा आकार. पण हे गाणं होतं ऊसतोडीला गेलेल्या आईचं. बीड जिल्ह्यातली बाई, दिवाळीनंतर नवऱ्यासोबत कारखान्याच्या पट्ट्यात आलेली, दुसरीतली पोर गावाकडे आजीजवळ ठेवलेली. दिवसभर तोड करून रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ती हे गुणगुणते. आणि या चार ओळींत ती बाई कुठेच नाही. सीमेवरच्या जवानाची बायको हे म्हणू शकेल, कॉलेजातला प्रेमभंग झालेला मुलगा म्हणू शकेल. मी जुन्या शब्दांची परीक्षा अशीच घेतो: ओळ उचलून दुसऱ्या सिनेमात ठेवायची. ती तिथे सुखाने नांदली, तर इथे तिचं काही काम नाही.

श्वास, भास, आस, ध्यास ही यमकं आपल्याकडे एवढी का वापरली जातात, याचं कारण निव्वळ आळस नाही. प्रत्येकात लांब आकार आहे, गायकाला तो हवा असतो. आणि सरेना, विरेना, मरेना तर व्याकरणच फुकटात देतं. मराठीत क्रियापदाचा शेवट जुळला की यमक जुळतं, त्यासाठी डोकं चालवावं लागत नाही. तोटा एवढाच, की ‘सरेना’ ऐकल्याबरोबर श्रोत्याला पुढचं ‘मरेना’ आधीच ऐकू येतं आणि मधल्या शब्दांकडे त्याचं लक्षच राहत नाही.

दिग्दर्शकाला माझं पटलं, पण त्याने लगेच सुचवलं, ‘कोयत्यासारखा चंद्र घेऊ या.’ मी नको म्हटलं. चंद्रकोरीला विळा म्हणणं फार जुनं आहे. विळ्याच्या जागी कोयता ठेवला तर तीच उपमा या प्रदेशाचा पोशाख घालून येते, एवढंच. शिवाय उपमा पाहणाऱ्याची असते. दहा तास तोड करून आलेल्या बाईला चंद्रात कोयता दिसेल असं मला वाटत नाही. तो बिनकामाने बघणाऱ्याला दिसतो. संगीतकार म्हणाला, ‘मग मोबाईलची रेंज घे, ते नवीन आहे.’ नवीन होतं खरं, पण रेंज सगळ्यांचीच जाते. मला तिचीच असेल अशी वस्तू हवी होती.

मी दिग्दर्शकाकडून लोकेशनवरचं चित्रीकरण मागून घेतलं आणि आवाज बंद करून तासभर पाहिलं. कोयता, पाचट, वाढ्यांचे भारे, मोळ्या, ट्रॉलीला लावलेली फळी. एका ठिकाणी ती अभिनेत्री तोडलेला ऊस उभा धरते, साळून वरचं वाढं उडवते आणि मोळीत टाकते. क्षणभर तो ऊस तिच्या शेजारी सरळ उभा असतो, खांद्याच्या वर गेलेला. मी तिथेच थांबवलं. गावाकडे पोरीची उंची दाराच्या चौकटीला पाठ लावून मोजतात. इथे चौकट नाही, पोरगी नाही, पण दिवसभर हातातून जाणारी एक उभी वस्तू आहे आणि तिच्यावर निसर्गानेच खुणा केल्यात. पेरं. ऊस पेरापेराने वाढतो. पोरगीही तशीच वाढत असणार, आईच्या माघारी.

ही प्रतिमा विचित्र आहे हे मला कळत होतं. वाढणारं मूल आणि कापला जाणारा ऊस शेजारी ठेवणं अंगावर येतं. पण ते अंगावर येणंच मला हवं होतं, कारण तिच्या आयुष्यात त्या दोन गोष्टी खरोखर शेजारी आहेत. तिथे बसून लिहिलेल्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

पेर उसाचं तोडता तोडता
उंची तुझीच मोजे कोयता

संगीतकाराने मात्रा मोजल्या आणि मान हलवली. कागदावर ‘तोडता तोडता’च्या दहा होतात, ‘मोजे कोयता’च्या नऊ. मी म्हटलं, कागदावर मोजू नका, म्हणून बघा. मराठी माणूस ‘तो-ड-ता’ म्हणतच नाही, ‘तोड्ता’ म्हणतो. ‘कोय्ता’ म्हणतो. तोंडात ते चार-चारच भरतात. वृत्तात बांधलेल्या कवितेत हे चालायचं नाही, पण ही ओव्या ऐकत वाढलेली बाई आहे, तिच्या तोंडी बोलण्याचा उच्चारच शोभतो. त्याने पेटीवर धरून पाहिलं आणि त्याला ते आवडलं, कारण ‘तोड्ता तोड्ता’त कोयत्याचा घाव आपोआप ऐकू येत होता. ‘ता’वर आकार मोकळा होता, सूर लांबवायला त्याची काही हरकत नव्हती.

यमकाचंही बघायचं होतं. तोडता-कोयता हे शाळेत शिकवतात तसं यमक नाही. जुळतो तो आधीचा ‘ओ’ आणि शेवटचा ‘ता’, मधलं व्यंजन वेगळं. गाण्यात एवढं पुरतं. कान स्वर धरतो, आणि व्यंजन बदललं की पुढचा शब्द आधी ओळखता येत नाही.

सिनेमासाठी बोलीभाषा तपासायला एक मावशी होत्या. वीसेक हंगाम तोडीत काढलेल्या. दिग्दर्शकाने त्यांना फोन लावला आणि मी ओळी वाचून दाखवल्या. त्या लगेच म्हणाल्या, ‘पेर कोन तोडतंय भाऊ? ऊस बुडातून तोडतेत. बूड वर ठिवलं तर मुकादम बोलतोय.’ बरोबरच होतं. उसात साखर बुडाकडे जास्त असते, म्हणून जमिनीलगत तोडायचा असतो. पेरापेराने तुकडे होतात ते लावणीच्या बेण्याचे, तोडीत नाही. प्रतिमा कितीही चमकदार असली तरी हे काम करणाऱ्या माणसाला ती पहिल्याच शब्दात खोटी वाटली, तर ती टाकाऊ. मी ओळ बदलली: ‘ऊस बुडातून तोडता तोडता’. तोंडात मोजलं तर बरोबर आठ आणि आठ. अर्थही सुधारला. बुडातून तोडलेला अख्खा ऊस हातात आल्यावरच उंची मोजता येते, आधीच्या ओळीत तुकडा हातात होता.

‘कोयता’ शब्दाबद्दल मावशींनी काही सांगायची गरज नव्हती. तोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. त्यामुळे ‘मोजे कोयता’मध्ये बापही येऊन बसतो, ज्याचं नाव गाण्यात कुठेच नाही.

तिसरी ओळ वर जाणारी होती, यमकातून सुटी. तिथे मला आकडा हवा होता. ‘किती मोठी झालीस’ हे कुणीही म्हणतं, आकडा फक्त मोजणारा सांगतो. संगीतकार गाता गाता म्हणाला, ‘आले तेव्हा पाचच पेरं’. ‘पा’वर सूर छान चढत होता. पण पेर साधारण चार-पाच इंचांचं असतं. पाच पेरं म्हणजे दोन फूटही नाहीत, ते तान्हं बाळ झालं. दुसरीतली पोर पावणेचार फुटांच्या आसपास असते, म्हणजे दहा पेरं. ‘दहाच पेरं’ मात्रांत तंतोतंत बसलं. सूर ‘दहा’च्या ‘हा’वर चढवावा लागला, एक स्वर उशिरा, आणि ते उलट बरं झालं, कारण ‘दहा’ स्पष्ट ऐकू येणं गरजेचं होतं. आकडा कळला नाही तर चौथी ओळ लागतच नाही.

चौथ्या ओळीसाठी सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘अकरावं’ने सुरू व्हायचं हे ठरलं होतं, शेवट मिळत नव्हता. ‘अकराव्याला कोण गं होता’ हे यमकाला छान, पण व्याकरणाला कुबडं: ‘कोण होतं’च म्हणायला हवं. यमकासाठी भाषा वाकवली की श्रोत्याला तिथे गीतकार दिसतो, बाई दिसत नाही. मी मावशींना पुन्हा विचारलं, गावाकडे पोरीला तुम्ही काय सांगायचात, कधी येणार म्हणून? त्या म्हणाल्या, ‘काय सांगनार? पट्टा पडला की येते म्हनायचं.’ कारखान्याचं गाळप संपणं म्हणजे पट्टा पडणं. अंतरा पुरा झाला:

ऊस बुडातून तोडता तोडता
उंची तुझीच मोजे कोयता
आले तेव्हा दहाच पेरं
अकरावं गं पट्टा पडता

तोडता-पडता हे यमक आता पुरं जुळत होतं, आणि तरी आधी ओळखता येण्यासारखं नव्हतं. रडणं, काळीज, आस यांतलं काहीही न म्हणता ओळ दुखत होती.

निर्मात्याने आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता: पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ‘पट्टा पडणं’ कळणार नाही. अनोळखी शब्दाचा अर्थ गाण्यातच सांगायला गेलं की ओळ मरते. तो आधी कुठेतरी पेरून ठेवावा लागतो. आम्ही पटकथा उघडली. गाण्याच्या दोन प्रसंग आधी मुकादम घरी जायची परवानगी नाकारतो, तिथे त्याचं वाक्य होतं, ‘हंगाम संपल्यावर जा.’ दिग्दर्शकाने ते बदललं: ‘पट्टा पडल्याबिगर कुनी हलायचं न्हाई.’ त्या प्रसंगाचं चित्रीकरण अजून व्हायचं होतं हे आमचं नशीब. ते झालेलं असतं तर मला ही ओळ सोडावी लागली असती.

मुखडा मी जवळजवळ तसाच ठेवला. तो सतत परत येतो. तिथे दर वेळी अनोखी प्रतिमा ऐकू आली तर चौथ्यांदा ती नुसती चमत्कारिक वाटते. साधी हाक असलेली ओळच तिथे टिकते. एका अंतऱ्यात एकच अनोळखी गोष्ट, बाकी शब्द तिला वाट मोकळी करून देणारे, एवढंच मी पाळतो.

गायिका आली. तिने पहिल्यांदा सवयीने ‘तो-ड-ता’ असं सुटं गायलं आणि ओळ तालाबाहेर गेली. संगीतकाराने तिला गाण्याआधी अंतरा नुसता बोलून दाखवायला सांगितला, मग तो आपसूक बसला. ‘दहाच’वर ती स्वतःहून किंचित थांबली, आम्ही ते ठेवलं. दुसऱ्या अंतऱ्यात अजून पापणी, पाणी आणि विराणी होतं. ती पाणी प्यायला बाहेर गेली तेवढ्यात मी ‘विराणी’वर काट मारली आणि मावशींना तिसऱ्यांदा फोन लावला, कोपीत रात्री सगळ्यात शेवटी काय आवरतात ते विचारायला.