परभणी, उजवी स्टिक: आठवडा दुसरा

गेमपॅडची उजवी स्टिक झिजलीय. मागच्या नोंदीत तिचा डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल मोजायचीच नाही ती हद्द, स्टीममध्ये ०.१० आणि गेममध्ये ०.२० ठेवून थांबलो होतो. हात न लावता कॅमेरा आपोआप उजवीकडे सरकायचा, ते बंद झालं. पण भाचा दोन मॅच खेळला आणि म्हणाला, "मामा, कॅमेरा लय जड झालाय, स्टिक ढकलली तरी हलायलाच नाही." त्याचं खरं होतं.

दोन्ही डेडझोन एकावर एक चढले होते. स्टीम पहिले ०.१० कापतं आणि उरलेलं पुन्हा ० ते १ असं ताणून गेमला देतं; गेम त्यातले आणखी ०.२० कापतो. हिशेब ०.१० + ०.२० × ०.९० = ०.२८. म्हणजे स्टिक पाव भागाहून जास्त सरकेपर्यंत कॅमेरा ढिम्म. आता गेममधला डेडझोन शून्य, सगळं काम एकट्या स्टीमकडे.

मग दोन्हीकडे शून्य करून मोजायला बसलो. स्टिक चारही बाजूंच्या कडेला नेऊन सोडायची आणि ती जिथे थांबते तो आकडा वहीत लिहायचा. वीस वेळा केलं. बहुतेकदा ०.०४, पण उजवीकडून सोडली की ०.११. सरासरी इथे कामाची नाही, सगळ्यात वाईट आकडाच धरावा लागतो. त्यावर थोडी मोकळीक देऊन डेडझोन ०.१३ ठेवला, आकार गोल. क्रॉस ठेवला तर किंचित तिरकं निशाण आडव्या किंवा उभ्या रेषेला चिकटतं.

कडेला वेगळाच दोष निघाला. डावीकडे पूर्ण ढकलूनही आकडा ०.९२ च्या पुढे जाईना. या गेममध्ये वळण्याचा जादा वेग पूर्ण १ झाल्यावरच मिळतो, म्हणून डावीकडे मागे वळायला वेळ लागत होता. मी उगाच सेन्सिटिव्हिटी वाढवत बसलो होतो. बाहेरचा डेडझोन ०.०८ केला, म्हणजे ०.९२ लाच पूर्ण १ धरलं जातं, आणि ते सुटलं.

शेवटी कर्व्ह, म्हणजे स्टिक किती ढकलली की गेमला किती आकडा द्यायचा ते. `r` स्टिकचा आकडा, `d` आतली हद्द ०.१३, `m` बाहेरची ०.९२, `n` घातांक:

```
out = ((r - d) / (m - d)) ^ n
```

स्टिक अर्धी, म्हणजे `r` ०.५० असताना कंसातलं उत्तर ०.४७ येतं. `n` २ असेल तर हाती ०.२२ उरतात, १.३ असेल तर ०.३७. मी २ वर होतो. बारीक निशाणाला ते बरं, पण मधला टप्पा मेल्यासारखा वाटायचा. सध्या १.३ वर आहे आणि पळत्या माणसामागे कॅमेरा नीट जातोय.

मूळ झीज मात्र आत, स्टिकची जागा मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या कार्बन पट्टीवर आहे, त्यात आपल्याकडची मे महिन्यातली धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. थांबलेला आकडा एका जागी स्थिर असेल तोवर डेडझोन त्याला झाकतो. तो नाचायला लागला की मोड्यूलच बदलावं लागेल. आज रात्रीचा आकडा ०.११, स्थिर. पुढचं मोजमाप रविवारी.