तुटलेला गियर आणि व्हर्नियर

*तुटलेला पार्ट सरळ थ्रीडी स्कॅन का नाही करत? व्हर्नियर घेऊन इतका वेळ मोजत काय बसता?*

स्कॅनर समोरचा पार्ट आहे तसा देतो, आणि अडचण तिथेच आहे. माझ्याकडे येतो तो झिजलेला, तुटलेला पार्ट. मला कॅडमध्ये काढायचा असतो तो कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशीचा. सुरुवातीला मी एकदा झिजलेल्या दात्याचाच आकार इमानेइतबारे उतरवून घेतला होता. नवा गियर पहिल्या दिवसापासून जुन्यासारखाच खडखडला.

परवाचंच घ्या. एका छोट्या लेथमधला नायलॉनचा गियर आला, पाच दाते गेलेले. बुडखे शिल्लक होते, म्हणून मोजता आले: एकूण २४. बाहेरचा व्यास २५.९ मिमी भरला. पण दात्यांची टोकं घासून गोल झालेली असतात, त्यामुळे या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही.

विसंबतो तो दुसऱ्या मापावर. व्हर्नियरच्या जबड्यांत तीन शाबूत दाते एकदम धरायचे, जबडे दात्यांच्या बाजूंना अलगद टेकवायचे. माप आलं ७.६१. मग चार दाते धरले, १०.५६. दोन्हींतला फरक २.९५. गंमत अशी की दाते सारखेच झिजले असतील, तर झीज दोन्ही मापांत तेवढीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. दात्याचा आकार सांगणारं मॉड्यूल १ आणि त्याच्या बाजूचा कल सांगणारा दाबकोन २० अंश असेल, तर हा फरक २.९५२ यायला हवा. जुन्या साडेचौदा अंशांच्या दात्यांना तो ३.०४ आला असता. दोन-तीन शतांश इकडेतिकडे करणाऱ्या व्हर्नियरलाही एवढं अंतर कळतं. मॉड्यूल १, दाते २४, म्हणजे बाहेरचा व्यास मुळात २४ अधिक २, २६. घासलेलं ०.१ असं सापडलं.

आता दात्याची जाडी. पुस्तकी हिशेबाने तीन दात्यांवर ७.७१६ हवं, माझं ७.६१. यात झीज किती आणि फिरायला मुद्दाम ठेवलेली ढिलाई किती? हा गियर ८ मिमी रुंद, त्याला लागणारा जोडीदार ७ मिमीचा. म्हणजे कडेची जवळपास मिलिमीटरभर पट्टी कधी घासलीच नव्हती; बोटाला तिथे बारीक पायरी लागते. त्या पट्टीवर पाच ठिकाणी मोजलं, सरासरी ७.६८. ढिलाई साडेतीन शतांशांच्या आसपास, बाकी सगळी झीज. कॅडमध्ये गेलं ते ७.६८. (नायलॉनवर जबडा जोरात दाबला की दाता दबतो आणि माप हवं तसं कमी येतं, म्हणून फक्त टेकवायचं.)

दात्याची बाजू मी नजरेने ओढत नाही. २४ दात्यांच्या या गियरचं आधारवर्तुळ ११.२७६ त्रिज्येचं, हीच खालची `rb`, आणि त्यावरून दोरा उलगडावा तशी ही रेषा निघते:

```
x = rb*(cos(t) + t*sin(t))
y = rb*(sin(t) - t*cos(t))
```

`t` शून्यापासून ०.५७४ रेडियनपर्यंत नेला की रेषा बरोबर १३ त्रिज्येवर, म्हणजे दात्याच्या टोकावर पोचते. तिचं प्रतिबिंब घेऊन दोन्ही बाजू जाडीप्रमाणे जवळ आणल्या आणि तीन दात्यांवर स्क्रीनवरच माप धरलं. ७.६८ आल्यावरच २४ प्रती फिरवल्या.

आतलं भोक मोजताना सगळेच फसतात. आतल्या जबड्यांच्या टोकाला बारीक सपाटी असते, गोल भोकात ती माप खाते. मला ११.९४ दिसत होतं. शाफ्ट मोजला तर १२.००. भोकापेक्षा त्यात बसणाऱ्या शाफ्टवर विश्वास ठेवावा.

शेवटची खात्री मशीनवरच होते. दोन शाफ्टमधलं अंतर मी असं काढतो: बाहेरून बाहेर ४०.९७, आतून आत १९.०१, बेरजेचं निम्मं २९.९९. एक शाफ्ट बाराचा, दुसरा दहाचा असला तरी फरक पडत नाही, फक्त ते समांतर हवेत. जोडीदार ३६ दात्यांचा, म्हणजे २४ आणि ३६ मिळून ६०, त्याचं निम्मं ३०. आकडा जुळला. जुळला नसता तर मॉड्यूलपासून पुन्हा सुरुवात केली असती.

मग २ मिमी जाडीची एक चकती प्रिंट केली, शाफ्टवर चढवली आणि हाताने पूर्ण फेरा दिला. एका जागी अडली. पाहिलं तर चूक माझ्या चकतीत नव्हती: जुन्या गियरचा तुटका तुकडा जोडीदाराच्या दोन दात्यांमध्ये रुतून बसला होता.