पान उलटा

आमच्याकडं रजेच्या छापील अर्जात कारणाला दीड ओळ जागा आहे. दीड ओळीत माणूस खरं काय लिहिणार? त्यामुळं कारणंही ठरलेली, आई आजारी, पाहुण्यात मयत, घरगुती काम. पावसाळ्यात त्यात पुराची भर पडते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळी आली, की माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग लागतो. त्यातले निम्मे अर्ज अशा गावांचे असतात, जिथं नदी कधी फिरकलेलीच नाही. मी हसतो, आणि हजेरी बघून सही करतो किंवा करत नाही.

जुलैतली गोष्ट. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली आमची फाउंड्री, एक टनाची इंडक्शन भट्टी, ग्रे आयर्नचं काम. डिस्पॅच तुंबलेला, दोन मेल्टरपैकी एकाच्या घरात खरंच पाणी शिरलेलं. उरलेल्याला इथं अप्पा म्हणतो. चौदा वर्षं भट्टीवर. वितळलेल्या लोखंडाच्या रसाचा रंग बघून तापमान सांगणारा माणूस, पायरोमीटर बुडवला की दहा डिग्रीच्या आत बरोबर निघायचा. त्याचा पाच दिवसांचा अर्ज आला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘मागं लिहिलंय, पान उलटा.’

मी पान उलटलं नाही. लाल पेनानं ‘नामंजूर’ लिहिलं आणि टाइम ऑफिसच्या पोराला म्हणालो, “अप्पांना सांग, दुसरा मेल्टर आला की बघू.” अप्पांचा निरोप आला, “बरं म्हणावं.” एवढंच.

त्याच संध्याकाळी मी विजेचा हिशोब घेऊन बसलो होतो. भट्टीभर रस काढायच्या एका खेपेला आम्ही हीट म्हणतो. टनाला 640 युनिटांत होणारी आमची हीट त्या आठवड्यात 700 च्या पुढं गेली होती. 65 मिनिटांची हीट 80 मिनिटांवर. भट्टीत धातू जास्त वेळ बसला की उष्णता नुसती बाहेर जाते आणि बिल वाढतं. यावरून मी दोनच दिवसांपूर्वी अप्पांना सगळ्यांसमोर बोललो होतो, “काय अप्पा, वय झालं काय?” ते काही बोलले नव्हते.

नामंजूर अर्जांचे कागद मी आकडेमोडीला वापरतो. सवयच. वरचा कागद उचलला, उलटा केला, तर पान भरलेलं. जसं होतं तसंच देतो:

‘साहेब, घरात कोणी आजारी नाही. लग्नकार्य नाही. आमच्याकडं पाणी आलेलं नाही. गेल्या गुरुवारी दुसऱ्या पाळीत तिसऱ्या हीटला गठ्ठा टाकला आणि रस उडाला. पत्र्यापर्यंत गेला. कोणाला लागलं नाही म्हणून सांगितलं नाही. तेव्हापासून भट्टीजवळ गेलं की माझा हात कापतो. चार्ज हळू टाकतो, म्हणून हीट लांबते. पोरं विचारतात, सांगता येत नाही. पाच दिवस द्यावेत. पाच दिवसांत जाईल का, माहीत नाही. मार्चमध्ये सासूबाई वारल्या म्हणून रजा घेतली होती ती खोटी होती, सासूबाई आहेत. ही खरी आहे.’

मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, सासूबाईंमुळं. नंतर ‘पत्र्यापर्यंत’ या शब्दावर अडकलो. आमच्या छताचा पत्रा भट्टीच्या प्लॅटफॉर्मपासून पंधरा फुटांवर आहे.

बाहेरच्या माणसाला हे कळावं म्हणून सांगतो. रिकाम्या, थंड भट्टीत ओलं भंगार टाकलं तर फारसं बिघडत नाही, तापता तापता पाणी वाफ होऊन निघून जातं. पण भट्टीत रस असताना ओलं काही त्यात बुडालं, तर पाण्याला निघायला वाट नसते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1600 पट जागा मागतं, आणि ती जागा ते रस वर फेकून करून घेतं. यात गठ्ठा सगळ्यात फसवा. पत्र्याचे तुकडे यंत्रात दाबून केलेला ठोकळा वरून कोरडा ठणठणीत दिसतो, पण घड्यांत पाणी धरून बसलेला असतो. हाताला ओल लागत नाही. फोडला तरच कळतं, नाहीतर आत टाकल्यावर.

आणि गठ्ठे मीच घेतले होते. सुट्या भंगारापेक्षा किलोला दोन रुपयांनी स्वस्त पडले म्हणून. ट्रक ताडपत्रीशिवाय आला होता, हे गेटच्या नोंदीत होतं. मी किलो बघितले, ताडपत्री बघितली नाही.

रात्री अप्पांना फोन केला. म्हणालो, “अप्पा, मागचं आत्ता वाचलं.”

“व्हय साहेब.”

“उद्यापासून येऊ नका. पाच दिवस.”

“हीट कोण काढणार?”

“नाही काढणार.”

पलीकडं बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, “गठ्ठं फोडून बघा साहेब. कडेच्या रांगेतलं.”

सकाळी शेडच्या कडेच्या रांगेतला गठ्ठा पहारीनं उचकटला. आतून गंजाचं लाल पाणी आलं, चांगलं वाटीभर. दुसऱ्यातून थोडं. तिसरा कोरडा. हेच वाईट, तिसरा पहिला फोडला असता तर मी सगळे पास केले असते. पन्हाळी गळत होती ती बरोबर त्याच रांगेवर. गठ्ठे बाजूला काढले, ठरवलं की यापुढं ते फक्त थंड भट्टीच्या तळाला घालायचे, रसावर नाही, आणि आधी भट्टीच्या कडेला एक पाळी वाळवायचे. दोन दिवस भट्टी बंद राहिली. वरून फोन आला, “लागलं का कुणाला? मग कशाला एवढं?” हा प्रश्न मी पण आयुष्यभर विचारत आलोय, त्यामुळं रागवायलाही जमेना.

आता अडतंय ते पुढचं. तो अर्ज मंजूर करून फायलीला लावायचा तर मागचं पानही फायलीला जातं. त्यात मार्चच्या खोट्या रजेची कबुली आहे, आणि आमच्या नियमांत खोटं कारण देऊन घेतलेली रजा हे गैरवर्तन. त्यात घटना लपवल्याचंही आहे. हेड ऑफिसमधला कुणीही तो कागद वाचून अप्पांवरच नोटीस काढू शकला असता, आणि गठ्ठे घेणाऱ्यावर निघाली नसती.

म्हणून मी टाइम ऑफिसच्या पोराला नवा अर्ज घेऊन अप्पांच्या घरी पाठवलं. कारण मीच सांगितलं, ‘घरगुती काम’. अप्पांनी सही केली, पोराला चहा पाजला. म्हणे, सासूबाईंनीच केला होता.

रस उडाल्याची नोंद मी रजिस्टरमध्ये माझ्या नावानं केली, भंगार तपासणीत आढळलं अशा शब्दांत. अप्पांचं नाव नाही. सहाव्या दिवशी ते आले. आधी भंगाराच्या शेडमध्ये गेले, मग भट्टीवर. त्या दिवशीची पहिली हीट 75 मिनिटांची झाली. मी विचारलं नाही.

मूळ अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढच्या बाजूला लाल ‘नामंजूर’ तसंच आहे. फायलीत आहे तो खोटा, मंजूर.