सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, तरी आकडा चुकला

2024 सालच्या ऑक्टोबरमधली 25 तारीख, शुक्रवार. धनत्रयोदशी पुढच्या मंगळवारी होती. आमच्या कंपनीचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा ऑनलाइन सेल रात्री बाराच्या ठोक्याला उघडला होता. सकाळी अकराचा रिफ्रेश झाला आणि डॅशबोर्डवर आजचा कन्व्हर्जन रेट, म्हणजे शंभर भेटींमागे किती ऑर्डरी आल्या तो आकडा, 7.2 टक्के दिसू लागला. एरवी तो 2.3 च्या आसपास असतो. दहा मिनिटांत मार्केटिंगच्या मॅडमनी जाहिरातींचं दिवसाचं बजेट दुप्पट केलं. एवढ्या मोठ्या उडीवर निदान एक फोन करायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण त्या आकड्यावर विश्वास ठेवा, असं गेले कित्येक महिने मीच सगळ्यांना सांगत होते.

सांगत होते, कारण आकड्यांमागची सूत्रं मी टेस्टखाली आणली होती. आमचा डेटा बिगक्वेरी या गूगलच्या डेटाबेसमध्ये असतो, त्यावरची गणितं डीबीटी या साधनात लिहिलेली आहेत, आणि दर तासाला सगळं आपोआप चालून डॅशबोर्ड ताजा होतो. मधे माणसाची नजर कुठेच पडत नाही. त्यामुळे सूत्र बरोबर आहे की नाही, हे ते चालू करण्याआधीच तपासावं लागतं. डीबीटीच्या 1.8 आवृत्तीत युनिट टेस्ट आल्या, तेव्हा मी ते काम हट्टाने मागून घेतलं. युनिट टेस्टमध्ये खरा डेटा नसतो. आपण हाताने दोन-चार ओळी लिहून देतो, त्यांवरून उत्तर काय यायला हवं तेही लिहितो, आणि सूत्र तेच उत्तर देतं का हे यंत्र बघतं. दिलं तर टेस्ट हिरवी, नाहीतर लाल.

पहिली टेस्ट एव्हरेज ऑर्डर व्हॅल्यूची होती, आणि तिचा मला अजूनही अभिमान आहे. त्याआधी आम्हाला एका चुकीने बराच त्रास दिला होता. गिऱ्हाईक थोडे पैसे वॉलेटमधून आणि उरलेले कार्डाने भरतं, तेव्हा एका ऑर्डरला पेमेंटच्या दोन ओळी असतात. ऑर्डरचं टेबल पेमेंटच्या टेबलाशी जोडलं की ती ऑर्डर दोनदा येते आणि तिची रक्कमही दोनदा धरली जाते. हे पकडायला मी दोनच ऑर्डरी लिहिल्या: एक 1000 रुपयांची, 600 आणि 400 अशी दोन तुकड्यांत भरलेली, आणि दुसरी 400 ची, एकदाच भरलेली. खरी सरासरी 700. रक्कम दोनदा धरली आणि ऑर्डरी मात्र वेगळ्या मोजल्या, तर 2400 भागिले 2, म्हणजे 1200. सरळ तिन्ही ओळींची सरासरी काढली तर 800. तीन वाटा, तीन वेगळी उत्तरं. टेस्ट लाल झाली की चूक कोणती हे आकड्यावरूनच कळतं. दोन्ही ऑर्डरी 500-500 च्या घेतल्या असत्या, तर तिन्ही ओळींची चुकीची सरासरीही 500 च आली असती आणि टेस्ट हिरवी राहिली असती. टेस्टमधले आकडे निवडणं हे सूत्र लिहिण्याइतकंच कसबाचं काम आहे. आमच्याकडे मात्र त्याला वेळ मागितला की "दोन ओळी तर टाकायच्यात ना?" असं विचारतात.

तर त्या शुक्रवारी 7.2 आकडा बघून मी आधी टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या. सूत्र ठीक आहे, म्हणजे सेल खरंच जोरात आहे, असं मी मॅडमना सांगितलं. हे वाक्य माझं आहे, आणि ते मला विसरता येत नाही.

बाराच्या सुमारास भिवंडीच्या गोदामातून अण्णांचा फोन आला. ते कधी डॅशबोर्ड उघडत नाहीत. त्यांच्यासमोर छापून येणाऱ्या ऑर्डरींच्या पावत्या असतात. म्हणाले, "काय गं, जास्तीची माणसं पाठवताय असं कळलं. कशाला? रात्रीचा गठ्ठा सकाळीच लावून झालाय. सकाळपासून रोजच्यासारखंच चाललंय."

रोजच्यासारखं? मी ऑर्डरी तासानुसार काढल्या. अकरापर्यंतच्या 432 पैकी 300 ऑर्डरी पहाटे साडेपाचच्या आतल्या होत्या. अण्णांचं बरोबर होतं. मग भेटी, म्हणजे सेशन, तासानुसार काढले आणि तिथेच थबकले. आजच्या तारखेखाली पहाटे साडेपाचच्या आधीचं एकही सेशन नव्हतं. शेजारी बसलेला आमचा नवा मुलगा म्हणाला, "ताई, मी रात्री साडेबाराला बघितलं होतं, रेटची जागा रिकामी होती. मला वाटलं, लोडमुळे उशीर होतोय."

साडेपाच म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. आपली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ऑर्डरी आमच्या ॲपच्या डेटाबेसमधून येतात आणि तिथे वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहिलेली असते. सेशन येतात ट्रॅकिंगमधून, यूटीसीत. आमच्या मॉडेलमध्ये, म्हणजे डीबीटीतल्या त्या सूत्रात, सेशनची तारीख अशी काढली होती:

```sql
DATE(started_at) AS day
```

बिगक्वेरीत टाइमस्टॅम्पवर नुसतं एवढंच लिहिलं, तर तारीख यूटीसीची मिळते. म्हणजे मध्यरात्रीनंतर साडेपाच तास आलेली सगळी माणसं "काल" मोजली जात होती, आणि त्यांनीच केलेल्या ऑर्डरी "आज". रात्रीची 9,000 सेशन गुरुवारात गेली. शुक्रवारात उरली साडेपाच ते अकराची 6,000. अंश पूर्ण 432, छेद 6,000, म्हणून 7.2. खरा हिशेब 432 भागिले 15,000, म्हणजे 2.88. आणि बजेट दुप्पट करताना दुकानात प्रत्यक्षात जे चाललं होतं ते सकाळचं: 6,000 सेशन, 132 ऑर्डरी, 2.2 टक्के. म्हणजे सेलचा जोर ओसरून गाडी रोजच्या वेगावर आली होती. गुरुवारचा आकडाही मी तेव्हाच बघितला. त्याच्या छेदात परक्या दिवसाची गर्दी घुसल्यामुळे तो 1.44 वर घसरला होता. दिवस संपल्यावर रात्रीतून आकडा पडतो, ही खूण डॅशबोर्डवर सकाळपासून उघडी होती. सगळे आजच्या 7.2 कडे बघत होते, मीसुद्धा.

आणि माझी टेस्ट? कन्व्हर्जन रेटचीही होती. उघडून बघितली. प्रत्येक ओळीत वेळ एकच होती: `12:00:00`. तारीख लिहायला लागते म्हणून तारीख लिहिली आणि वेळ म्हणून सरळ बारा टाकले. यूटीसीतले दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच, तारीख तीच. रात्री बाराच्या आसपासचा एकही माणूस त्या टेस्टमध्ये नव्हता, त्यामुळे ती कितीही वेळा चालवली तरी हिरवीच राहणार होती. सूत्र लिहिताना वेळेचा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही, आणि टेस्टचा डेटा त्याच डोक्यातून आला.

दीड वाजता बजेट पूर्ववत झालं. त्यानंतर मी लगेच सूत्राला हात लावला नाही. आधी चुकीचं सूत्र तसंच ठेवून टेस्ट लिहिली:

```yaml
given:
  - input: ref('stg_sessions')
    rows:
      - {session_id: s1, started_at: "2024-10-24 18:29:00"}
      - {session_id: s2, started_at: "2024-10-24 18:31:00"}
      - {session_id: s3, started_at: "2024-10-24 23:45:00"}
  - input: ref('stg_orders')
    rows:
      - {order_id: o1, ordered_at: "2024-10-25 00:10:00"}
expect:
  rows:
    - {day: "2024-10-24", sessions: 1, orders: 0, rate: 0}
    - {day: "2024-10-25", sessions: 2, orders: 1, rate: 0.5}
```

यूटीसीतले 18:29 म्हणजे गुरुवारची रात्र 11:59. 18:31 म्हणजे शुक्रवार 12:01. तिसरं सेशन पहाटे सव्वापाचचं. टेस्ट चालवली आणि ती लाल झाली: गुरुवारात तिन्ही सेशन, शुक्रवारात शून्य सेशन, एक ऑर्डर, आणि रेटच्या जागी `NULL`. नव्या मुलाला रात्री साडेबाराला दिसलेली रिकामी जागा ती हीच. शून्याने भागायची वेळ आली की `SAFE_DIVIDE` काही बोलत नाही, `NULL` देऊन मोकळं होतं.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. गुरुवारचा रेट चुकीच्या सूत्रानेही 0 च येतो, कारण 0 भागिले 1 आणि 0 भागिले 3 यांत फरक नाही. अपेक्षेत मी फक्त रेट लिहिला असता, तर गुरुवारची ओळ चूक असूनही पास झाली असती. म्हणून आता आमच्या प्रत्येक टेस्टमध्ये अंश आणि छेद वेगळे लिहिलेले असतात, भागाकार शेवटी. मग सूत्रात `'Asia/Kolkata'` घातलं,

```sql
DATE(started_at, 'Asia/Kolkata') AS day
```

आणि टेस्ट हिरवी झाली.

एक प्रश्न मात्र टेस्टला सोडवता येत नव्हता. माणूस रात्री 11:58 ला आला आणि ऑर्डर 12:03 ला केली, तर ती कुठल्या दिवसाची? ऑर्डर आजची, सेशन कालचं. यात बरोबर-चूक नाही, ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं की रेटमध्ये ऑर्डर तिच्या सेशनच्या दिवसात धरायची, आणि तशी दोन ओळींची टेस्टही घातली. विक्रीचा दिवसाचा आकडा मात्र ऑर्डरच्या तारखेनेच राहिला. त्यामुळे दोन ठिकाणच्या ऑर्डरी पाच-दहाने जुळत नाहीत आणि दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

पण मी हे लिहायला बसले ते सेलसाठी नाही. मॅडमच्या टीमचा एक जुना ठोकताळा होता: सकाळी येणारं गिऱ्हाईक पक्कं असतं. नऊ वाजता बघावं तर रेट 3 च्या वर असायचा आणि दिवस चढेल तसा 2.3 वर यायचा. त्यावर सकाळच्या जाहिरातींचं वेगळं वेळापत्रक आखलं होतं. सोमवारी मी नव्या सूत्राने एक साधा, सेल नसलेला दिवस काढला. सकाळी नऊपर्यंत 2,400 सेशन, 55 ऑर्डरी, रेट 2.3. जुन्या सूत्रात मध्यरात्रीपासूनची 600 सेशन गळून छेद 1,800 उरायचा, म्हणून 3.1. संध्याकाळपर्यंत छेद मोठा होत जायचा आणि फरक विरून जायचा. पूर्ण दिवस धरला तर आदल्या रात्रीचे गेलेले आणि पुढच्या रात्रीचे आलेले जवळजवळ सारखे असायचे, त्यामुळे महिन्याच्या अहवालात कधी काही दिसलंच नाही. मागचे बाकीचे दिवसही काढले. सगळीकडे तेच.

दोन्ही रेषा एका आलेखावर काढून मॅडमना पाठवल्या. जुनी सकाळी उंच सुरू होऊन उतरते, नवी जवळजवळ सपाट. त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग एकच ओळ आली: "हे कधीपासून?"

मॉडेल पहिल्यांदा चालू झालं ती तारीख मी त्यांना कळवली.