व्यस्त घेतला की चिन्ह उलटतं? चष्म्याच्या नंबरावरून सांगते

"मॅडम, असमानतेच्या दोन्ही बाजूंचा व्यस्त घेतला की चिन्ह उलटं करायचं ना? नेहमीच?"

नाही, नेहमी नाही. दोन्ही बाजू धन असतील किंवा दोन्ही ऋण असतील तर उलटतं, एक धन आणि एक ऋण असेल तर चिन्ह आहे तसंच राहतं, आणि कुठल्याही बाजूला शून्य येऊ शकत असेल तर व्यस्त घ्यायचाच नाही. झालं उत्तर. पण एवढं पाठ करून गेलेली मुलं दोन महिन्यांनी पेपरात पुन्हा तीच चूक करतात हे मी अकरावीच्या शिकवण्यांमध्ये इतक्या वर्षांत पाहिलंय, म्हणून जरा लांबून सांगते.

आधी हे कुठून येतं ते बघा. a < b दिलंय. व्यस्त घेणं म्हणजे काही वेगळी जादू नाही, दोन्ही बाजूंना ab ने भागायचं. डावीकडे a/ab म्हणजे 1/b उरतं, उजवीकडे b/ab म्हणजे 1/a. आता भागायचा नियम सगळ्यांना माहीत असतो, धन संख्येने भागलं तर चिन्ह तसंच, ऋणने भागलं तर उलटं. मग ab धन असेल तर 1/b < 1/a. नीट बघा, इथे चिन्ह हललेलंच नाही, बाजू बदलल्यात, a चा व्यस्त उजवीकडे गेलाय. आपण तो परत डावीकडे आणून 1/a > 1/b लिहितो आणि म्हणतो चिन्ह उलटलं. आणि ab ऋण असेल तर भागताना चिन्ह एकदा उलटतं, बाजू बदलून लिहिताना दुसऱ्यांदा उलटतं, म्हणजे शेवटी जिथल्या तिथे, 1/a < 1/b. सगळा खेळ ab या एका गुणाकाराच्या चिन्हाचा आहे, a चा एकट्याचा नाही आणि b चा एकट्याचा पण नाही.

"ऋण संख्या आली की उलट नियम" असं काही मुलं लक्षात ठेवतात ते इथेच फसतं. -3 < -2 चे व्यस्त -1/3 आणि -1/2, आणि -1/3 मोठा आहे, म्हणजे दोन्ही ऋण असताना सुद्धा उलटलंच.

आता चष्मा. माझ्या दिरांचं चष्म्याचं दुकान आहे आणि हा विषय मला स्वतःला पुस्तकापेक्षा त्यांच्या काउंटरवर जास्त नीट कळला असं म्हटलं तरी चालेल. चष्म्याचा नंबर म्हणजे भिंगाची शक्ती, डायऑप्टरमध्ये, आणि तो नाभीय अंतराचा व्यस्त असतो, अंतर मीटरमध्ये घेतलं तर. दहावीच्या विज्ञानात आहे हे. नंबर +2 तर नाभीय अंतर 1/2 म्हणजे 0.5 मीटर, नंबर +1 तर 1 मीटर. लांबचं दिसत नाही त्यांना मायनस नंबर, अंतर्गोल भिंग, -2 चं नाभीय अंतर -0.5 मीटर, -1 चं -1 मीटर.

+1 आणि +2 घ्या. नंबर मोठा, नाभीय अंतर छोटं, 1 > 0.5, उलटलं. -2 आणि -1 घ्या. -2 < -1, आणि अंतरं -0.5 आणि -1, म्हणजे -0.5 > -1, इथेही उलटलं. आता आजोबांचा वाचायचा चष्मा +1 चा आणि नातीचा -2 चा असं समजा. -2 < +1, आणि अंतरं -0.5 आणि +1, -0.5 < 1. नाही उलटलं. उलटणार कसं, ऋणचा व्यस्त ऋणच राहतो आणि धनचा धन, आणि ऋण कायम धनपेक्षा लहान, त्यात कोणाचं अंतर किती याने काही फरक पडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा एका डब्यात -2 पासून +1 पर्यंत सगळ्या नंबरांची भिंगं आहेत, तर त्यांची नाभीय अंतरं कुठून कुठपर्यंत? पटकन मनात येतं -0.5 ते 1. पण +0.25 चं भिंग त्याच डब्यात आहे ना, त्याचं अंतर 4 मीटर. आणि -0.25 चं -4 मीटर. कल्पनेतच पण +0.01 चं भिंग केलं तर 100 मीटर. म्हणजे अंतरं -0.5 ते 1 च्या मध्ये नाहीतच, सगळी बाहेर आहेत, एकतर -0.5 किंवा त्याहून कमी नाहीतर 1 किंवा त्याहून जास्त. आणि मधोमध 0 नंबरची साधी काच, तिचं नाभीय अंतर सांगताच येत नाही कारण समांतर किरण तिच्यातून समांतरच जातात, कुठे एकत्र येतच नाहीत. शून्याचा व्यस्त नसतो म्हणजे काय ते हातात धरून बघायचं असेल तर ही काच.

हाच डबा परीक्षेत वेगळ्या कपड्यात येतो. f(x) = 1/(1 - 2cos x) या फलाचा विस्तार काढा, म्हणजे आपली रेंज. मुलं सुरुवात एकदम बरोबर करतात. cos x हा -1 ते 1, म्हणून 2cos x हा -2 ते 2, म्हणून

-1 ≤ 1 - 2cos x ≤ 3

इथपर्यंत काही चूक नाही. पुढच्या ओळीत वर्गाचे दोन गट पडतात. एक गट चिन्हं उलटी करून -1 ≥ f(x) ≥ 1/3 लिहितो. ही ओळ स्वतःच ओरडून सांगतेय की मी चूक आहे, कारण तिचा अर्थ -1 हा 1/3 पेक्षा मोठा किंवा त्याच्याएवढा, पण घाईत ते कोणी वाचत नाही आणि काही जण तर गुपचूप टोकं बदलून "-1 ते 1/3" असं उत्तर लिहून मोकळे होतात 😄 दुसरा गट म्हणतो एक टोक ऋण एक धन, मॅडमनी सांगितलंय तेव्हा उलटत नाही, म्हणून -1 ≤ f(x) ≤ 1/3. हे दिसायला साळसूद आहे म्हणून जास्त धोक्याचं. x = 90 अंश टाकून बघा, cos शून्य, छेद 1, f = 1. आणि 1 काही 1/3 पेक्षा लहान नाही. गेलं उत्तर.

दुसऱ्या गटाची चूक समजून घ्या कारण तीच जास्त शिकवते. नियम दोन संख्यांमधला आहे. -1 आणि 3 या दोघांना तो बरोबर लागतो, -1 < 1/3 खरंच आहे. पण मधला जो छेद आहे तो एक संख्या नाही, तो -1 पासून 3 पर्यंत फिरतोय, कधी ऋण कधी धन, त्यामुळे उजवीकडच्या 3 बरोबर त्याचा गुणाकार कधी धन होतो कधी ऋण, आणि एकच चिन्ह सगळ्यांसाठी लिहिता येत नाही. म्हणून डबा शून्यापाशी फोडायचा. छेद ऋण असताना तो -1 ते 0 मध्ये, शून्य सोडून, तिथे दोन्ही ऋण म्हणून उलटवा, f ≤ -1. छेद धन असताना 0 ते 3, पुन्हा शून्य सोडून, दोन्ही धन म्हणून उलटवा, f ≥ 1/3. उत्तर: f(x) हा -1 किंवा त्याहून लहान, नाहीतर 1/3 किंवा त्याहून मोठा. चष्म्याच्या डब्यासारखंच, आतलं सगळं बाहेर गेलं. आणि प्रत्येक तुकड्यात चिन्ह उलटलंच आहे हे बघा, फक्त तुकडा करायला विसरायचं नाही.

फोडल्यावर शून्याच्या बाजूला काय लिहायचं हा पण प्रश्न येतो. छेदाला d म्हटलं तर 0 < d ≤ 3 मध्ये डावीकडच्या शून्याचा व्यस्त लिहायचा नसतो, 1/0 लिहून कोणी "म्हणजे इन्फिनिटी" म्हणालं की मी खडू खाली ठेवते. d शून्याच्या जवळ येईल तसा 1/d वाटेल तेवढा वाढतो, त्यामुळे त्या बाजूला अटच उरत नाही, नुसतं 1/d ≥ 1/3.

मागे एका हुशार मुलाने मला अडवलं होतं. म्हणाला मॅडम, 1/x चा डेरिव्हेटिव्ह -1/x², तो कायम ऋण, म्हणजे फंक्शन कायम उतरतं, मग चिन्ह नेहमीच उलटायला पाहिजे. सुंदर शंका. डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे, पण उतरत जाण्याचा निष्कर्ष एका अखंड तुकड्यावरच काढता येतो, आणि 1/x चा आलेख शून्यापाशी तुटलेला आहे. डावा तुकडा उतरत उतरत खाली पाताळात जातो आणि उजवा तुकडा वर आकाशातून सुरू होऊन पुन्हा उतरतो. एकाच तुकड्यावरच्या दोन बिंदूंना त्याचं म्हणणं लागू, वेगवेगळ्या तुकड्यांवरच्या दोघांना नाही. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे जिने दोन आहेत." अगदी तेच.

आता समीकरणासारखी असमानता सोडवायची असते तेव्हाचं. 1/(x-2) < 3 घ्या. सवयीने व्यस्त घेऊन x - 2 > 1/3, म्हणून x > 7/3, असं लिहून पान उलटतात. x = 0 टाका, -1/2 < 3, खरं आहे की! मग शून्य उत्तरात का नाही? कारण आपण गृहीत धरलं की x - 2 धन आहे आणि ते कुठे लिहिलंच नाही. x - 2 ऋण असेल तर डावी बाजू ऋण, ती 3 पेक्षा लहान असणारच, काही सोडवायलाच नको, x < 2 सगळेच्या सगळे चालतात. पूर्ण उत्तर x < 2 किंवा x > 7/3.

ज्यांना तुकडे करायचा कंटाळा येतो त्यांनी व्यस्त घेण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही बाजूंना (x-2)² ने गुणावं, x = 2 तर आधीच बाद आहे त्यामुळे हा वर्ग नक्की धन आणि चिन्हाची काळजी मिटली. x - 2 < 3(x-2)² येतं, सगळं एका बाजूला घेऊन (x-2)(3x-7) > 0, आणि तेच उत्तर. फक्त इथे दोन्हीकडचा x - 2 उडवून टाकायचा मोह होतो, तो उडवलात की पुन्हा 1 < 3(x-2) म्हणजे x > 7/3 एवढंच हातात राहतं आणि डावा अर्धा भाग परत गायब.