एका शीटमध्ये १८० गसेट: नेस्टिंगचा माझा अनुभव

६ एमएमच्या एमएस शीटमधून लेसरवर काटकोनी गसेट, म्हणजे सांध्याला मजबुती देणारे त्रिकोणी तुकडे, कापायचे होते, बाजू २०० आणि १५०, म्हणजे तिरकी बाजू २५०. शीट २५०० बाय १२५०. कडेला चहूबाजूंनी १० एमएम सोडायचे आणि दोन पार्टमध्ये ६ एमएम गॅप, एवढं ठरलं होतं.

एकेक त्रिकोण सुटा मांडला तर फक्त ९० बसतात आणि निम्म्याहून जास्त शीट स्क्रॅपला जाते, त्यामुळे एक सरळ एक उलटा अशी जोडी लावायची हे उघडच होतं. नेस्टिंग, म्हणजे शीटवर पार्ट दाटीने मांडणं, सॉफ्टवेअरला सोडून दिलं तर त्याने १५० बसवले. बघितलं तर रुंदीत पाचच ओळी, आणि वर चांगली जाड पट्टी रिकामी. झालं असं की तिरक्या बाजूंमध्ये गॅप ठेवताना त्याने उलटा पार्ट त्या बाजूला काटकोनात सरकवला होता, त्यामुळे जोडी लांबीत वाढली आणि रुंदीतही साडेतीन एमएमच्या वर वाढली, आणि रुंदीत तर आपल्याकडे एक एमएमसुद्धा शिल्लक नाही, कारण २०० च्या सहा ओळी अधिक पाच गॅप म्हणजे बरोब्बर १२३०. मग मी जोडी हाताने लावली, उलटा पार्ट फक्त लांबीच्या दिशेने साडेसात एमएम सरकवला. तिरका गॅप तोच ६ राहिला आणि सहावी ओळ बसली. १८० पार्ट, शीटचा वापर ८६ टक्के. अर्थात शीट टेबलावर जरा जरी तिरकी पडली तर ही मांडणी कडेला मार खाते, म्हणून आधी कडा सेन्स करून घेतली.

पुढचा विचार कॉमन कटचा. तिरकी बाजू दोघांत एकच ठेवली तर जोडीचं कटिंग १२०० वरून ९५० एमएमवर येतं, अख्ख्या शीटला साडेबावीस मीटर वाचतात. पार्ट मात्र एकही वाढत नाही, फायदा फक्त वेळेचा. इथे क्रम महत्त्वाचा. ऑपरेटर म्हणाला, "आधी तिरका मार, मग बाहेरचा चौकोन, नाहीतर चौकोन सुटून हलेल आणि तिरका कट भलतीकडेच जाईल." तसंच केलं, शिवाय प्रत्येक पार्टला एक छोटा मायक्रोजॉइंट, म्हणजे शीटशी जोडलेला न कापलेला बारीक दुवा, ठेवला, कारण त्रिकोणाचं टोक टेबलाच्या आधारपट्ट्यांमध्ये, म्हणजे स्लॅटमध्ये, घुसून दुसरी बाजू वर आली की हेड थेट त्यावर आदळतं.

हे सगळं लेसरवर, जिथे कर्फ, म्हणजे कटची रुंदी, अगदी बारीक असतो. प्लाझ्मावर मी कॉमन कट टाळतो. तिथे कर्फ दीड-दोन एमएमचा, आणि नेहमीच्या टॉर्चमध्ये चालीच्या उजव्या हाताची कड सरळ येते, डावीकडची जास्त तिरपी, म्हणजे जोडीतल्या एका गसेटच्या वाट्याला खराब कड येणारच, आणि तीच कड पुढे वेल्डिंगला येणार असेल तर फिटर ग्राइंडर घेऊन बसतो, मग वाचवलेला वेळ तिकडे जातो.