सिमिलॅरिटी रिपोर्टमधला लाल रंग: बडोद्यातला माझा अनुभव

थीसिस लिहून झाला, मॅडमची सही झाली, फी भरली. यात काहीच अडलं नाही. अडलं ते टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा विषय बडोदा जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड. पहिल्या रिपोर्टवर इतरांच्या मजकुराशी साम्याचा आकडा आला 23 टक्के. खिडकीवरच्या भाईंनी पानं चाळली आणि म्हणाले, "बेन, लाल तो बहु छे. कमी करून आणा." काय कमी करायचं, हे सांगायला तिथे कोणीच नव्हतं. युजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्यापुढे 40 पर्यंत असेल तर दुरुस्त करून द्यावं लागतं, आणि त्याची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते. म्हणजे मला थीसिस परत घ्यावा लागणार होता, एवढंच कळलं.

त्या लाल रंगाचा अर्थ मला रिपोर्टसमोर बसूनच उमगला. उजवीकडे जुळलेल्या स्रोतांची यादी असते, सर्वात मोठा वर. क्रमांक 1 ला लाल, पुढच्यांना गुलाबी, जांभळा, निळा असे रंग ओळीने मिळतात आणि पुढे तेच रंग परत येतात. रंग फक्त सांगतो की मजकुराचा हा तुकडा यादीतल्या कोणत्या स्रोताशी जुळतो. गुन्हा किती मोठा, हे तो सांगत नाही. एकूण आकड्याच्या खुणेला मात्र वेगळे रंग आहेत, आणि तिथे 24 टक्क्यांपर्यंत हिरवाच दिसतो. म्हणजे माझी खूण हिरवी होती, तरी नियमात बसत नव्हती; आणि ज्या लालवरून मला परत पाठवलं, तो माझाच छापून आलेला पेपर निघाला, 5 टक्के. त्याच्यासाठी मॅडमचं पत्र जोडलं की काम भागतं, हे खिडकीवर सांगता आलं असतं.

मग मी प्रत्येक रंग मजकुरात कसा पसरलाय ते पाहत गेले. प्रयोगाच्या प्रकरणात पानभर रंगीबेरंगी ठिपके होते. पाण्याचा कठीणपणा मोजताना बफर घालून पीएच 10 ठेवायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकायचं, ईडीटीएने टायट्रेशन करायचं आणि रंग वाईन-लालवरून निळा झाला की थांबायचं. ही वाक्यं सगळे जवळजवळ अशीच लिहितात. प्रत्येक तुकडा पाच-सात शब्दांचा आणि वेगळ्या स्रोताचा. त्याला मी हात लावला नाही. संदर्भसूचीही रंगलेली होती, पण नियमांत ती मोजायची नसतेच. फिल्टरमधून वगळली की 23 चे 15 झाले.

खरी अडचण होती यादीच्या तळाशी, 1 टक्क्याहून कमी असलेल्या एका फिक्या हिरव्या स्रोतात. शोधगंगा या थीसिसच्या ऑनलाइन संग्रहातला कुणाचा तरी थीसिस. माझ्या पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात एकच परिच्छेद, पण अख्ख्या परिच्छेदात तोच हिरवा: सात-आठ शब्द रंगीत, एक शब्द कोरा, पुन्हा आठ शब्द रंगीत. कॅल्शियम कमी आणि पाणी अल्कधर्मी असलं की फ्लोराइड का वाढतं, याचं ते स्पष्टीकरण. संदर्भ दिलेला होता, अवतरणचिन्हं नव्हती. एकाच रंगाचा असा सलग पट्टा दिसला की वाक्याचा सांगाडाच दुसऱ्याचा आहे, फक्त मधले शब्द बदललेत, असं समजावं. तिथे समानार्थी शब्द घालून भागत नाही. मी मूळ मजकूर बंद केला आणि माझ्या विहिरींच्या आकड्यांपासून सुरुवात करून तीच कारणं दोन वाक्यांत लिहिली. संदर्भ तसाच ठेवला.

इथे एक सांगायला हवं. सलग 14 शब्दांपर्यंतचं साम्य युजीसी मोजत नाही, म्हणून तेवढे छोटे तुकडे वगळणारा फिल्टर लोक सर्वात आधी लावतात. मी तो शेवटी लावला तेव्हा आकडा 9 वर आला. आधी लावला असता, तर तो हिरवा परिच्छेद रिपोर्टमधून गायब झाला असता, कारण त्यातला एकही तुकडा 14 शब्दांचा नव्हता. परीक्षकाने तो मूळ थीसिस वाचलेला असेल, तर त्याला फिल्टरची गरज नसते. म्हणून पहिलं वाचन फिल्टरशिवायच करा.

यादीचीही दोन रूपं असतात. नेहमीच्या यादीत एका तुकड्याला एकच स्रोत मिळतो, सर्वात मोठा. त्याच्याखाली दुसरा दडलेला असू शकतो, म्हणून All Sources उघडून संशयाच्या परिच्छेदावर एकदा नजर फिरवून घ्या.

आणि मसुदा तपासायला देतानाच विचारा की तो टर्निटिनच्या साठवणीत ठेवणार का. ठेवला आणि पुढची तपासणी दुसऱ्या ठिकाणी झाली, तर तुमचाच मसुदा क्रमांक 1 वर येऊन बसतो आणि जवळजवळ अख्खा थीसिस लाल होतो. मी "साठवू नये" असं अर्जात लिहून त्याची पोच घेतली होती.